धान्याचा कणही नाही

उपवास म्हणजे काय हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एका हॉटेलच्या काचेवर उलटी अक्षरं काढताना कळलं. आमच्या घरी उपवास नव्हते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा काढला आणि देव्हाऱ्याबरोबर उपवासही गेले. पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन असे, पौर्णिमेला आई खीर करी, रोज संध्याकाळी ती पंचशील म्हणायची. साबुदाणा घरात आलाच तर कुणीतरी तापाने झोपलं आहे एवढं समजायचं.

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या लिहिणारा. भिवंडीत त्या काळी पाट्यांना तोटा नव्हता. लूमच्या कारखान्यांवर, सायझिंगवर, ट्रकांच्या पाठीवर, दवाखान्यांवर मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत माझा हात चाले. काचेवर आतल्या बाजूने उलटं लिहिण्यात तर मी स्वतःला राजा समजत असे. बाहेरच्याला सुलटं दिसतं, पाऊस लागत नाही, रंग टिकतो. सवय अशी झाली होती की उलटं अक्षर वाचताना मला क्षणभरही थांबावं लागत नसे. ही फुशारकी पुढे उपयोगी पडली म्हणून सांगतो.

कल्याण रोडला, टेमघरच्या बाजूला, कोन गावच्या एका माणसाने हॉटेल काढलं होतं. जमिनीचा एक तुकडा विकला आणि त्यातून आठ टेबलं, एक भट्टी आणि रस्त्याकडे मोठी काच असा त्याचा संसार उभा राहिला. मुंबईला कुठे तरी त्याने पाहिलं होतं, म्हणून पाटीवर 'कॅफे' हा शब्द पाहिजेच असा त्याचा हट्ट. मी लिहिला. लोक मात्र शेवटपर्यंत हॉटेलच म्हणत. त्याला मी दादा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला वहिनी. भटारखाना वहिनीचा होता, आणि खरं सांगायचं तर हॉटेलही तिचंच होतं.

पहिल्या वर्षी त्यांचं श्रावणाचं गणित चुकलं. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो. उत्तरेकडच्या लोकांचा सावन त्याच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. लूमवरचे भैये सोमवारी येऊन "फलाहारी कुछ है?" विचारून परत जात राहिले, आणि दादा त्यांना सांगत राहिले की बाबांनो, अजून श्रावण लागलेला नाही. दुसऱ्या वर्षी ते शहाणे झाले. आषाढातच मला बोलावलं आणि म्हणाले, "काचेवर उपवासाचं सगळं लिव. मराठीत पन आन् हिंदीत पन."

मी खडूची भुकटी आणि डिंक कालवून पांढरा रंग केला. ओल्या फडक्याने पुसता येतो, दर सणाला नवं लिहिता येतं. वहिनी भटारखान्यातून पदराला हात पुसत आली आणि मी कागदावर काढलेला मजकूर वाचू लागली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, पण तिच्याइतकं मन लावून माझा मजकूर पुढे कुणीच वाचला नाही.

"'लुसलुशीत साबुदाना खिचरी'? कुनी सांगितला तुला?"

"छान वाटतं ऐकायला."

"साबुदाना लुसलुशीत झाला म्हंजे तो चिकाटला. मोकली खिचरी लिव. दाना दान्याला लागत न्हाय आपला."

'शुद्ध तुपातली' हे तिने खोडायला लावलं, कारण फोडणी तुपाची असली तरी वडे शेंगदाण्याच्या तेलात तळलेले होते. 'कुरकुरीत वडा' ठेवला, पण शेजारी 'मागितल्यावर तळून' हे शब्द घालायला लावले. 'चविष्ट' या शब्दाचं तिला हसू आलं. "बेचव कोन लिवतो?" असं तिने विचारलं आणि मी तो खोडला. मग ती एकेक सांगत गेली. वरईचा भात, त्यावर दाण्याची आमटी, आंबटाला आमसूल. रताळ्याचा कीस, वर ओलं खोबरं. राजगिऱ्याच्या पुऱ्या. शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही. जिरं आहे, ते लिहायचंच, कारण काही घरांत जिरंही चालत नाही. कोथिंबीरही सगळ्यांना चालत नाही, म्हणून ती वेगळ्या वाटीत. उत्तरेकडच्या लोकांना साधं मीठ चालत नाही, म्हणून सगळ्यात सैंधवच, आणि हिंदीत 'सेंधा नमक' ठळक. कढई वेगळी. बटाटेवड्याची कढई या कढईच्या जवळही येणार नाही, हेही लिहायचं.

"वरई म्हणजे धान्यच की वहिनी," मी मुद्दाम खोडी काढली.

"वरय धान्य न्हाय."

"शेतात उगवते, कणसाला लागते, आणि धान्य नाही?"

"न्हाय म्हंजे न्हाय. तू लिव गप."

मी गप लिहिलं. पण मला एक झकास शेवट हवा होता. सगळा मजकूर काटेकोर झाला होता आणि त्यात माझं असं काहीच उरलं नव्हतं. म्हणून खाली मोठ्या अक्षरांत मी ओळ घातली, 'धान्याचा कणही नाही', आणि त्याखाली हिंदीत 'अनाज का एक दाना भी नहीं'. वहिनीने त्या ओळीखालून बोट फिरवलं.

"एवरा पुरं जाऊन लिवू नको रं."

"का? खरं नाही?"

"खरा हाय. पन आपला हात कवा कुठं जाईल..."

मी तिचं ऐकलं नाही. ओळ देखणी होती. काचेवर तर फारच उठून दिसली.

त्याच सावनात मुकादम यायला लागला. लूमच्या कारखान्यातला, उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा उंच माणूस. चालू कारखान्यात उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठल्या लूमचा धागा तुटला ते सांगतो अशी त्याची ख्याती. तो हॉटेलात शिरण्याआधी काचेसमोर हात पाठीमागे बांधून उभा राही आणि माझी अक्षरं शांतपणे बघे. मला ते फार आवडायचं. अक्षरं कळणारा एक तरी माणूस या गावात आहे असं वाटायचं. एकदा मी आतच होतो, तर मला म्हणाला, "आप ही लिखे हैं? तो आप ही बताइए, क्या-क्या है।"

मी खूश होऊन सगळं वाचून दाखवलं, शेवटची ओळ जरा आवाज चढवून. त्याने मान डोलावली आणि वरईचा भात मागवला. तेव्हापासून मी तिथे असलो की तो मलाच विचारी आणि मी नटासारखा वाचून दाखवी.

नवरात्र लागलं तेव्हा वहिनीने एक नवा पदार्थ आणला, उपवासाचं पॅटिस. उकडलेल्या बटाट्याचं आवरण, आत ओलं खोबरं, हिरवी मिरची, मनुका, दाण्याचा कूट, किंचित साखर आणि लिंबू. बटाटा तेलात फुटू नये म्हणून त्यात आरारूट मळायचं आणि वरूनही आरारुटातच घोळवायचं. दादांनी भुसार बाजारातून आरारुटाची एक गोणी आणली. मी काच पुसून नवा मजकूर लिहिला. पॅटिससाठी वहिनीने सांगितलेले शब्द होते, 'बाहेरून खुसखुशीत, आत ओल्या खोबऱ्याचं गोडतिखट सारण'. आणि खाली माझी ती ओळ होतीच.

घटस्थापनेच्या दिवशी मुकादम चार वाजता आला. नेहमीसारखं विचारलं, मी वाचलं. मग तो खाली बसून हळू आवाजात म्हणाला, "इस बार नौ दिन का है। मन्नत है।" त्याची बायको गावी होती. पोटात गाठ निघाली होती, दसऱ्यानंतर जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. मालकाने सुट्टी दसऱ्यापासून दिली होती. तोवर इथे राहून त्याला करता येण्यासारखं एवढंच होतं. "मइया से बोले हैं, नौ दिन अन्न का दाना मुँह में नहीं जाएगा। तुम उसको सँभालो।" दिवसातून एकदाच खायचं. दोन पॅटिस आणि पेलाभर दूध. "यहाँ भरोसा है," तो म्हणाला आणि काचेकडे बोट केलं.

सहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी हात धुवायला भटारखान्यात गेलो. मोरीच्या बाजूला आरारुटाची गोणी अर्धी रिकामी होऊन बसली होती. कापडी गोणी, बाहेरून पांढरीशुभ्र. हात पुसता पुसता माझी नजर तिच्यावर गेली आणि मला कापडावर फिकट निळ्या अक्षरांची सावली दिसली. उलटी अक्षरं होती. दुसऱ्या कुणाला तो नुसता डाग वाटला असता. गोणी आतली बाहेर करून शिवलेली होती, आणि मूळ छाप आतल्या बाजूला गेला होता. मी ते इंग्रजी शब्द वाचले. मेझ स्टार्च.

या शब्दांची मला लहानपणापासून ओळख होती. माझ्या वडिलांनी सायझिंगमध्ये एकवीस वर्षं काढली. लूमवर जाण्याआधी सुताला खळ देतात, ती खळ याच पिठाची, मक्याच्या. त्या रिकाम्या गोण्या घरी यायच्या आणि आई त्यांचे उशांचे अभ्रे शिवायची. रात्रभर गालाखाली हे शब्द घेऊन मी मोठा झालो होतो.

क्षणभर मला वाटलं, गोणी जुनी असेल, त्यात आरारूट भरलं असेल. मी वहिनीला काही न सांगता कागदात चिमूटभर पीठ बांधलं आणि सायकलवर टांग टाकून घरी गेलो. वडील दमेकरी, ओट्यावर बसलेले. त्यांनी पीठ बोटांत चोळलं, जिभेला लावलं. आत जाऊन पळीत पाणी घेतलं, पीठ कालवलं आणि स्टोव्हवर धरलं. खळ घट्ट झाली. पांढरी, दुधासारखी, आरपार काहीही न दिसणारी.

"आरारूट शिजलं की काचेसारखं होतं. बोट दिसतं पलीकडचं," ते म्हणाले. "हा मका आहे."

"नक्की?"

"एकवीस वर्षं काय गोट्या खेळलो?"

मका म्हणजे धान्य. वरईवरून मी कितीही खोडी काढली असली, तरी मक्याबद्दल कुणाच्याच घरात वाद नव्हता. परत जाताना मी सायकल इतकी जोरात मारली की रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्याने मला आईवरून शिवी घातली. ती मला त्या दिवशी योग्यच वाटली.

दोन वाजले होते. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली होती. मी दादा आणि वहिनीला भटारखान्यात बोलावलं आणि सांगितलं. दादांनी हात झटकले. वहिनीने पळी उचलली, पाण्यात पीठ कालवलं आणि भट्टीवर धरली. आम्ही तिघं त्या पळीकडे बघत उभे होतो. मी मनात म्हणत होतो, काच हो, काच हो. खळ पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. वहिनीने पळी खाली ठेवली. तीही नवरात्रात उपाशी राहायची, आणि रोज संध्याकाळी सगळं आवरल्यावर एक पॅटिस खायची.

"मी पन खाल्ल्यान पाच," ती म्हणाली. एवढंच.

दादा चिडले ते व्यापाऱ्यावर, मग गोणीवर, मग माझ्यावर. "पॅटिस बंद करून टाकू. उद्यापास्ना न्हाय म्हनून सांगू. झाला. ज्याला ठाव न्हाय त्याला पाप कसला?"

"आणि मुकादम?"

"त्याला सांगून काय हुईल? त्याची बायको आपरेशनला चाललीय. त्याच्या डोक्यात भरवशील की तुझा वरत मोरला? आन् तिला काय झाला तर? जन्मभर तो आपल्याला धरल, आन् सोताला पन."

खरं सांगतो, मला तेव्हा दादांचंच पटलं. त्या माणसाला शांतपणे उरलेले तीन दिवस काढू द्यावेत, साबुदाणा द्यावा, पॅटिस संपलं म्हणावं. मी तसं म्हणणारही होतो. तेवढ्यात दादा पुढे बोलले.

"आन् पयला नाव तुझाच येल. लोक म्हनतील, उपास न करनाऱ्याकरून उपासाचा लिवून घेतला, मंग आनखी काय व्हनार. मी न्हाय म्हनत. लोक म्हनतील."

ते वाईट हेतूने बोलले नव्हते, मला वाचवायलाच बोलले होते. पण मला ते झोंबलं. मला एकदम दिसलं की मी गप्प राहिलो तर ते भिऊन राहिलो असं होईल, आणि ते फक्त मलाच माहीत असेल. आईचं रोजचं चौथं शील कानात वाजलं, खोटं न बोलण्याचं. लहानपणी ते मी पाठ म्हणायचो, अर्थाकडे लक्ष न देता.

"ती ओळ माझी आहे," मी म्हटलं. "वहिनी नको म्हणत होती."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग दादांकडे. "माजा मी देवीशी बगन," ती म्हणाली. "पन त्याचा आपून परस्पर बगायचा न्हाय. पूस काच. खरा लिव."

तीन वाजता मी काच पुसली. रंग ओघळून खाली पाणी पांढरं झालं, त्या खळीसारखंच. मग उलट्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, लिहिलं. 'पॅटिस बंद आहे. घटस्थापनेपासून आजपर्यंतच्या पॅटिसमध्ये आरारूट समजून मक्याचं पीठ वापरलं गेलं. आम्हाला आज कळलं. ज्यांनी खाल्लं त्यांची माफी मागतो. बाकीच्या पदार्थांत ते पीठ नाही.' त्यात एकही देखणा शब्द नव्हता. वहिनीने वाचलं आणि एकच दुरुस्ती केली, 'वापरलं गेलं' खोडून 'आम्ही वापरलं' करायला लावलं.

लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. आता जे काही सांगायचं ते काच सांगेल, असं मी स्वतःला समजावलं. साडेतीनला शाळेतल्या एक बाई आल्या, वाचलं, आत येऊन वहिनीला म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." एक कापडाचा दलाल मात्र दारातूनच ओरडला, चार लोकांना गोळा करून तमाशा केला आणि पुन्हा पायरी चढणार नाही म्हणून गेला. दादा गल्ल्यावर डोकं धरून बसले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी, ब्रश धुतोय असं दाखवत, चार वाजण्याची वाट बघत होतो. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

चार वाजता मुकादम आला. काचेसमोर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. नेहमीइतकाच वेळ. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तो आत आला, नेहमीच्या टेबलाशी बसला, कपाळावरचा घाम पुसला आणि मला बघून हसला.

"आज नया लिखे हैं। अक्षर छोटा-छोटा है," तो म्हणाला. मग वहिनीला हाक मारून सांगितलं, "भाभीजी, दो पैटिस और दूध।"

तेव्हा मला कळलं. त्याला वाचता येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. तो माझ्या अक्षरांचं कौतुक करत नव्हता. कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत तो नुसता उभा राहत होता. 'आप ही बताइए' ही माझी स्तुती नव्हतीच, ती त्याची गरज होती, आणि मी ती दाद समजून छाती फुगवत आलो होतो.

वहिनी भटारखान्याच्या दारात थबकली होती. दादा माझ्याकडे बघत नव्हते. अजूनही सुटायची वाट होती. 'पॅटिस संपलं' असं तिघांपैकी कुणीही म्हणू शकलं असतं. मी उठलो, त्याच्या समोरच्या बाकावर बसलो.

"चाचा, काँच पे जो लिखा है, वो सुनिए।"

आणि मी वाचलं. या वेळी आवाज चढवला नाही. माफीचं वाक्य मी दोनदा वाचलं.

टेबलावरच्या ओल्या वर्तुळावरून त्याचं बोट फिरत राहिलं.

"कब से?"

"पहले दिन से."

"भाभीजी भी खाई हैं?"

वहिनीने दारातूनच मान हलवली. तो उठला, मोरीपाशी गेला, तीन वेळा चूळ भरली. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हम पढ़े नहीं हैं, पेंटर बाबू," तो म्हणाला. "हम भाभीजी के हाथ का नहीं, आपका पढ़ा हुआ खा रहे थे।"

आणि गेला. मी रडलो. भर हॉटेलात, सत्तावीस वर्षांचा बाप्या, रडलो, आणि दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो मी झटकून टाकला.

गोणी दादांनी परत नेली. व्यापारी म्हणाला की सगळे हेच आरारूट म्हणून नेतात, आजवर कुणी तक्रार केली नाही. उरलेले तीन दिवस वहिनी नुसत्या पाण्यावर राहिली. मुकादम परत आला नाही. तो दसऱ्याला गावी गेला एवढं कळलं, पुढचं मी विचारलं नाही. विचारायला कारखाना दूर नव्हता, पण मी ती गल्लीच टाळू लागलो. त्या बाजूचं पाटीचं एक काम आलं, तेही सोडलं. बायकोचं काही बरंवाईट झालं असेल तर ते मला ऐकायचं नव्हतं, आणि झालं नसेल तरी ते मी विचारण्याच्या लायकीचा नव्हतो. वर्षभर हे असंच चाललं. आईला वाटलं मला कुणाची नजर लागली, आणि नजर वगैरे मानायची नाही याची तिला मीच आठवण करून दिली.

वहिनीने दुसऱ्या दुकानातून आरारूट आणलं. प्रत्येक नव्या गोणीतलं चमचाभर पीठ पळीत उकळून बघायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. पलीकडचं बोट दिसलं तरच गोणी आत.

पुढच्या वर्षी आषाढात, आपला श्रावण लागायला पंधरा दिवस असताना, मी सोमवारी सकाळी काचेवर आतून लिहीत होतो. माझी ती ओळ आता नव्हती. नुसती पदार्थांची नावं आणि कशात काय आहे ते. लिहिता लिहिता अक्षरांच्या फटींतून बाहेर दोन माणसं उभी दिसली. एकाचे हात पाठीमागे बांधलेले होते. दुसरी बाई होती, बारीक, डोक्यावरून पदर घेतलेली, एक हात पोटापाशी धरून उभी.

माझ्या हातातला ब्रश थांबला. ती दोघं आत आली. त्याने तिला खुर्ची ओढून दिली, स्वतः बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पढ़िए।"

मी वाचलं. साबुदाणा खिचडी, मोकळी, जिरं आहे. वरईचा भात, दाण्याची आमटी, आमसुलाची. राजगिऱ्याच्या पुऱ्या. सैंधव. वेगळी कढई. ती पदराच्या कडेतून ऐकत होती. पॅटिसपाशी आलो. बटाटा, ओलं खोबरं, दाण्याचा कूट, आरारूट.

"आरारोट?" तिने विचारलं. आवाज बारीक होता, पण प्रश्न बारीक नव्हता. नवऱ्याने तिला सगळं सांगितलेलं होतं.

"सवेरे मैंने खुद उबाल के देखा है," मी म्हटलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे हात करून मान हलवली. वहिनीने गरम पॅटिस आणून ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. बाईने फुंकर मारून एक तुकडा तोडला, आतलं खोबरं नीट बघितलं आणि तोंडात घातला.

मी काचेकडे वळलो. पॅटिस लिहायचं राहिलं होतं, त्यातला 'ट' वाकडा आला. त्या वर्षी तो तसाच राहिला, मी पुसला नाही.